चावीला जास्तीचा जोर आला तेव्हा

कोल्हापुरात नळाला ‘चावी’ म्हणतात, आणि चावीबद्दलची आपली जुनी तक्रार एकच: धार बारीक आहे. कळंब्याच्या तळ्यातलं पाणी उतारानं पेठांत यायचं तेव्हा घरं एक-दोन मजली होती. पुढे तीन-चार मजली अपार्टमेंट आली, गच्चीवर टाक्या बसल्या. दहा मीटर उंच पाणी म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, हा प्लंबरचा तोंडी हिशेब. त्यामुळे अगदी खालच्या घरालाही सव्वा-दीड किलोच मिळायचं. प्रेशर कमी करायची वेळ कुणावर येणार!

ती वेळ उंच इमारतींनी आणली. टाकीतलं पाणी पहिल्या मजल्याच्या चावीपासून चाळीस मीटर वर असलेली बारा मजली इमारत घ्या. बाराव्या मजल्यावर शॉवर रडतो आणि पहिल्यावर चार किलो येतं. तिथं फ्लशच्या टाकीत शिट्टी वाजते, बेसिनखालचा पाइप फुटतो. म्हणून खालच्या सहा मजल्यांच्या लाइनवर, सहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये पीआरव्ही, म्हणजे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, बसवतात. आत एक स्प्रिंग आणि एक पडदा असतो. स्प्रिंग वाट उघडू पाहते, पुढच्या बाजूचं पाणी पडदा ढकलून ती बंद करू पाहतं. दोघांचं जिथं जमतं, ते सेटिंग.

चूक होते ती इथंच. ‘घराला अडीच किलो चांगलं’ म्हणून व्हॉल्व्ह अडीचवर लावला जातो. पण सहाव्या मजल्यावर मुळात अडीच किलोच येतं, त्यामुळे तो उघडाच राहतो आणि पहिल्या मजल्यावर चार ते चारच! व्हॉल्व्ह प्रेशर ठरवतो ते स्वतःच्या जागेपुरतं. त्याच्याखाली दर मजल्याला तीन मीटर, म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त, वाढतच जातं. इथं सेटिंग हवं एक किलो. मग पाच मजले खाली, पहिल्यावर, बरोबर अडीच मिळतं.

लावताना लॉकनट सैल करून स्क्रू डावीकडे फिरवायचा. उजवीकडे फिरवला की प्रेशर वाढतं. खालची एखादी चावी क्षणभर सोडायची, नाहीतर लाइनीत अडकलेलं जुनंच प्रेशर गेजवर दिसत राहतं. मग सगळ्या चाव्या बंद करून आकडा वाचायचा, कारण पाणी वाहताना गेज थोडा खाली येतोच. त्या आकड्यावर सेटिंग केलं तर रात्री ते जास्त निघतं.

रात्री सगळं बंद असताना काटा हळूहळू एकवरून अडीचकडे सरकत असेल, तर स्क्रूला हात लावू नका. बहुतेक वेळा सीटवर वाळूचा कण किंवा पाइप कापतानाचा कीस बसलेला असतो आणि वाट पूर्ण बंद होत नाही. आधी व्हॉल्व्हच्या अलीकडची जाळी काढून धुवायची, मग सीट बघायची. जाळी बसवलीच नसेल, तर हा कीस पुन्हा येणार.