राजस्त्रियांचा देवालयाश्रय (प्रारंभिक मध्ययुगीन दख्खन)

राजघराण्यातील स्त्रियांनी मंदिरे बांधणे, मूर्ती स्थापणे, देवाला जमीन वा दागिने अर्पण करणे आणि मंदिराच्या सेवेकऱ्यांचे हक्क ठरवून देणे, या सर्व गोष्टी देवालयाश्रयात मोडतात. दख्खनमध्ये याचा सर्वांत बोलका पुरावा बदामीच्या चालुक्यांच्या काळातला आहे, आणि त्यातही कर्नाटकातील मलप्रभेकाठच्या पट्टदकलचा.

पट्टदकलचे आजचे विरूपाक्ष मंदिर म्हणजे मूळचे लोकेश्वर. दुसऱ्या विक्रमादित्याची (कारकीर्द सुमारे ७३३ ते ७४५) राणी लोकमहादेवी हिने ते बांधले आणि देवाला आपले नाव दिले. देवाच्या नावात आश्रयदात्याचे नाव गुंफण्याची रीत राजांमध्ये होतीच. विक्रमादित्याचा पिता विजयादित्य याने याच गावात विजयेश्वर (आजचे संगमेश्वर) उभारले होते. राणीने सासऱ्याचीच रीत चालवली, आणि त्याच्याहून मोठे मंदिर उभे केले. शेजारचे त्रैलोक्येश्वर, म्हणजे आजचे मल्लिकार्जुन, हे तिची धाकटी बहीण त्रैलोक्यमहादेवी हिचे. दोघी हैहय कुळातल्या, दोघी एकाच राजाच्या राण्या.

हे आपल्याला कळते ते मुख्यतः दोन ठिकाणच्या लेखांवरून. लोकेश्वराच्या पूर्वेकडील दरवाजावर जुन्या कन्नडमधले लेख आहेत. त्यांत हे मंदिर ‘कांची तीनदा जिंकणाऱ्या विक्रमादित्याच्या महाराणी लोकमहादेवी’ यांचे असल्याचे सांगितले आहे, आणि ते घडवणाऱ्या गुंड नावाच्या सूत्रधाराला, म्हणजे मुख्य वास्तुकाराला, ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी दिल्याची नोंद आहे. दुसरा लेख सर्वसिद्धी आचारी या दक्षिण देशाच्या सूत्रधाराचे गुणगान करतो. राणी, राजा आणि कारागीर एकाच दारावर एकत्र येतात, ही गोष्ट विरळा.

या मजकुराची रचना लक्षपूर्वक वाचावी लागते. मंदिर राणीचे, पण तिची ओळख पतीच्या विजयातून करून दिली आहे. म्हणून अनेकदा लोकेश्वराला ‘कांचीविजयाचे स्मारक’ म्हटले जाते आणि कर्तेपण राजाकडे सरकते. कांचीच्या कैलासनाथाशी या मंदिराचे साधर्म्य आहे हे खरे; विक्रमादित्याने त्या मंदिराची संपत्ती लुटली नाही, उलट परत दिली, असा त्याचा लेखही तिथे आहे. तरीही विजय हा प्रसंग झाला आणि बांधवून घेणारी राणी झाली. या दोहोंची गल्लत करू नये.

राणीचा अधिकार बांधकामापुरता नव्हता, हे आणखी एका लेखातून दिसते. विजयादित्याने गायकांना दिलेल्या अटी आणि हक्क लोकमहादेवीने पुन्हा कायम केले. मंदिर उभे राहिले की संपले, असे नसते. गाणे, नैवेद्य, दिवा रोज चालावा लागतो आणि त्यासाठी करार लागतात. सासऱ्याचा करार सून आपल्या नावाने कायम करते, तेव्हा ती नुसती दान देणारी राहत नाही, मंदिराची व्यवस्था तिच्या हाती असते. माझ्या मते तिच्या सत्तेचा हा पुरावा भव्य शिखरापेक्षाही ठोस आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे ७५४ सालचा स्तंभलेख. त्रैलोक्यमहादेवीचा पुत्र दुसरा कीर्तिवर्मा गादीवर असताना गंगेच्या उत्तरतीरावरून आलेल्या ज्ञानशिवाचार्यांनी इथे त्रिशूलाचा स्तंभ उभारला. त्याचा मजकूर उत्तरेकडच्या आणि स्थानिक अशा दोन लिप्यांत कोरला आहे. विजयेश्वर कोणाचे, लोकेश्वर कोणाचे, त्रैलोक्येश्वर कोणाचे, हे तो लेख नावानिशी सांगतो. तो नसता तर धाकट्या बहिणीचे मंदिर कोणाच्या खाती जमा झाले असते, कोण जाणे.

राजस्त्री म्हणजे केवळ पट्टराणी नव्हे. बदामीजवळच्या महाकूटच्या स्तंभावरील लेखात आधीचा चालुक्य राजा मंगलेश याने देवाला दहा गावे दिल्याची नोंद आहे, त्यात त्याच्या पित्याची राणी दुर्लभादेवी हिचाही सहभाग सांगितला आहे. बदामीत ६९९ साली राजमाता विनयवतीने ब्रह्मा, विष्णू आणि महेश्वर यांची स्थापना केली. विजयादित्याची प्राणवल्लभा विनापोटी ही गणिका कुळातली. तिने महाकूटेश्वराला माणकांचे पीठ, चांदीचे छत्र आणि शेतजमीन अर्पण केली. विजयादित्याच्याच बहिणीने, कुंकुममहादेवीने, लक्ष्मेश्वरला जैन बसदी बांधली. राजघराण्यातल्या आश्रयाला एकाच पंथाची मर्यादा नव्हती, हे त्यातून कळते.

या पुराव्याला एक मर्यादा आहे. लेख बांधल्याचे, दिल्याचे सांगतात, पण पैसा राणीच्या स्वतःच्या उत्पन्नातला की राजकोशातला, हे क्वचितच उलगडते. त्यामुळे ‘राणीने बांधले’ म्हणजे तिने खर्च केला, असे थेट म्हणता येत नाही.

वेरूळच्या कैलासाची गोष्ट नेमकी उलटी आहे. मराठी कथापरंपरेत राणी माणिकावती शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत करते आणि पैठणचा कारागीर कोकस वरून खाली खोदत जाऊन तिला लवकर शिखर दाखवतो. राष्ट्रकूटांचा ताम्रपट मात्र श्रेय पहिल्या कृष्णराजाला देतो आणि राणीचे नाव घेत नाही. पट्टदकलला नाव शिळेवर राहिले आणि लोकांच्या तोंडून गेले. वेरूळला ते लोकांच्या तोंडी आहे, शिळेवर नाही.