आकडा टाकला की गोल स्मार्ट होतो?

"टीममेटच्या गोलमध्ये टक्केवारी घातली की तो स्मार्ट झाला ना?"

नाही हो. जॉर्ज डोरननी 1981 मध्ये कामाचं उद्दिष्ट, म्हणजे गोल, लिहायची ही पाच मुद्द्यांची स्मार्ट पद्धत मांडली तेव्हा मोजता येणं हा पाचातला एकच मुद्दा होता, आणि जबाबदारी कोणाची हाही एक होता, तोच नेमका लोक विसरतात.

आता कळंगुटच्या एखाद्या हॉटेलातली रिझर्वेशनवाली पोरगी घ्या. तिला गोल दिला, "ऑक्टोबर ते डिसेंबर बुकिंग 20 टक्के वाढव". आकडा आहे, तारीख आहे, पण पावसाळा संपला की बुकिंग तसंही वाढतंच, मग तिने काय केलं ते कळणार कसं? तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, आणि तरीही रेट ठरवणं तिच्या हातात नसतंच.

तिच्या हातात काय आहे तर ईमेल चौकशीला उत्तर देणं. आधी सप्टेंबरचा मेलबॉक्स काढून बघा. समजा 50 चौकशा आल्या आणि त्यातल्या 30 ना 4 तासांत उत्तर गेलं, म्हणजे 60 टक्के. मग गोल असा लिहा: "डिसेंबरात आलेल्या चौकशांपैकी 85 टक्क्यांना तिच्या ड्युटीच्या 4 तासांत उत्तर, मोजणी मेलबॉक्सच्या वेळेवरून, आढावा दर महिनाअखेर."

एक गडबड इथेही होते, "धन्यवाद, लवकरच कळवतो" असं पाठवून टक्केवारी मस्त दिसते. म्हणून रेट आणि रूम आहे की नाही हे दोन्ही लिहिलं असेल तरच ते उत्तर धरायचं, आणि महिन्याला 10 मेल कुठलेही उघडून तपासायचे.