सुनीतातलं वळण आणि कथेतली कलाटणी

फोंड्यात महिन्यातून एकदा आम्ही काही जण कविता वाचायला जमतो. मागच्या बैठकीला मांडवीकाठच्या गावातल्या एका मुलीने आपलं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, वाचलं. पहिल्या आठ ओळींत तिचे आजोबा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर बसून मानशीवर, त्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, लक्ष ठेवतात. भरती आली की खारं पाणी बाहेरून दार दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं, आणि आत कोरगुटाचं भात सुखरूप राहतं. नववी ओळ ‘पण’ने सुरू झाली. पुढे कळलं की आजोबा दोन वर्षांपूर्वीच वारले आणि बांधावर दिसते ती तिच्या मनातली त्यांची सावली. सगळे क्षणभर गप्प झाले. मग कुणीतरी म्हणालं, ‘वळण छान साधलंय.’

मला ते पटलं नाही. तिने साधली होती ती कलाटणी. मराठीत आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि एरवी त्याने काही बिघडत नाही. सुनीतात मात्र बिघडतं, कारण पहिल्या आठ ओळींचं अष्टक आणि पुढच्या सहा ओळींचं षट्क असे दोन भाग ज्या कामासाठी पाडलेले असतात ते कलाटणी करू शकत नाही.

कलाटणी नवी माहिती देते. आजोबा हयात नाहीत हे कवयित्रीला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं. ते कळलं आणि आधीच्या आठ ओळींचा अर्थ पालटला. गूढकथेत हेच होतं. वळणात नवीन काही कळत नाही. जे आठ ओळींत समोर मांडलं तेच समोर असतं, पण त्याच्याकडे पाहणारा माणूस दुसऱ्या जागी जाऊन उभा राहतो. अष्टक एक दावा करतं, तक्रार करतं किंवा प्रश्न विचारतं. षट्क त्या दाव्याच्या खाली न बोलता गृहीत धरलेलं जे काही असतं त्याला हात घालतं.

ओळखायची माझी रीत साधी आहे. शेवट वाचून झाला की अष्टक पुन्हा वाचायचं. कलाटणी असेल तर अष्टक आता फसवं वाटतं, मुद्दाम काहीतरी लपवून ठेवलेलं. वळण असेल तर अष्टकातला शब्द न् शब्द अजून खरा असतो, फक्त तेवढ्याने भागत नाही हे कळून चुकलेलं असतं.

यासाठी मी एका पोर्तुगीज सुनीताकडे पुन्हा पुन्हा जातो. ते लुईश द कामोंइशचं आहे. हा कवी 1553 मध्ये गोव्यात आला होता आणि ओल्ड गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे. सुनीताची पहिली ओळ अशी: ‘मुदाम-से उश तेम्पुश, मुदाम-से आश वोन्तादिश’. काळ बदलतात, इच्छा बदलतात. दुसऱ्या ओळीत माणूस बदलतो, विश्वास बदलतो. दोन ओळींत ‘बदलणं’ हे क्रियापद चार वेळा येतं. तिसरी ओळ त्याचा सिद्धांत करते: सगळं जगच बदलाचं बनलेलं आहे. चौथी सांगते की ते सतत नवे गुण धारण करतं. मग चार ओळी अनुभवाच्या. रोज नवं काही दिसतं आणि ते आपल्या आशेपेक्षा सर्वस्वी वेगळं असतं. वाइटाचं दुःख आठवणीत राहतं, आणि चांगल्याची, ते कधी वाट्याला आलं असेल तर, हुरहुर राहते. या हुरहुरीसाठी आठव्या ओळीच्या टोकाला जो शब्द आहे तो गोव्यात पोर्तुगीज न येणाऱ्यांच्याही कानावरून गेलेला असतो: ‘साउदादिश’.

इथे थोडं थांबायला हवं. सगळं बदलतं असं ठणकावून सांगणाऱ्या अष्टकात सातव्या ओळीला ‘राहतं’ हे क्रियापद आलंय. दुःख राहतं, हुरहुर राहते. सिद्धांताला तडा गेलाय, पण कवी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. चांगल्या अष्टकात अशी एखादी जागा असतेच. दावा पूर्ण आत्मविश्वासाने केलेला असतो आणि त्याच्या पोटात त्याला न पेलणारी एक गोष्ट बसलेली असते. पहिल्या वाचनात ती दिसत नाही.

नवव्या ओळीपासून यमकं बदलतात. आठ ओळी दोनच यमकांवर चालल्या होत्या, आता दोन नवी येतात. काळ जमिनीवर हिरवा शेला पांघरतो, जी आधी थंडगार बर्फाखाली होती. आणि माझ्यात? माझ्यात तोच काळ गोड गाण्याचं रडणं करतो. ‘मी’ इथे पहिल्यांदा येतो. एकच बदल जमिनीला शिशिरातून वसंतात नेतो आणि माणसाला उलट दिशेने. हे वळण आहे, नेहमीच्या जागी आलेलं, आणि इथेच संपलं असतं तरी सुनीत चांगलं ठरलं असतं.

पण शेवटच्या तीन ओळी उरल्यात. त्या म्हणतात: आणि या रोजच्या बदलण्याखेरीज आणखी एक बदल झालाय, त्याहून थक्क करणारा. आता बदलसुद्धा पूर्वी बदलायचा तसा बदलत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही कलाटणी वाटली होती. चमकदार वाक्य आणि तेही अगदी शेवटी. मग वरची रीत लावून पाहिली. अष्टकातलं काही खोटं ठरलं का? एकही शब्द नाही. उलट तिसऱ्या ओळीने जे सांगितलं ते शेवटपर्यंत नेलं की हेच हाती लागतं. सगळं बदलाचं बनलेलं असेल तर बदलाची रीतही त्यातून सुटणार नाही. माहिती जुनीच आहे. कोसळतं ते अष्टकाने न बोलता धरून ठेवलेलं गृहीत: की बदल हा ऋतूंसारखा फिरता असतो, आज वाईट आहे म्हणजे उद्या चांगलं येणारच. हिरव्या शेल्याच्या ओळीने ती आशा आपल्यासमोर ठेवली होती, आणि तीन ओळींत ती काढून घेतली जाते.

यात कलाटणी घालायची असती तर ती कशी दिसली असती? ‘सगळं बदललं, पण तुझ्यावरचं माझं प्रेम मात्र बदललं नाही.’ असे शेवट आपण शेकड्यांनी वाचलेत. त्यात तेरा ओळींचा विचार चौदाव्या ओळीसाठी बाजूला सारला जातो आणि एक अपवाद आणून उभा केला जातो. कामोंइश अपवाद शोधत नाही. तो नियमच नियमाला लावून बघतो.

आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. चौथ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत ‘बदलणं’ हा शब्द कुठेच नाही. शेवटच्या तीन ओळींत मात्र तो प्रत्येक ओळीत आहे. आणि ज्या ओळीपासून सगळं फिरतं, ती बारावी ओळ कोणत्या शब्दाने सुरू होते? ‘इ’, म्हणजे आपलं ‘आणि’. नवव्या ओळीला तर उभयान्वयी अव्ययच नाही. दोन्ही वळणं ‘पण’शिवाय घेतलीत. नवव्या ओळीला ‘पण’ लिहिला म्हणजे वळण आलं असं मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. ‘पण’ ही फक्त पाटी आहे, रस्ता वळला नसला तरी ती लावता येते.

नववी ओळ ही जागासुद्धा तितकी पक्की नाही. मिल्टनच्या आंधळेपणावरच्या सुनीतात, ज्याची दृष्टी गेली त्याच्याकडूनही देव दिवसभराचं काम मागेल का, अशी कुरकुर चाललेली असते. धीर तिला आठव्या ओळीतच अडवतो. अष्टक पुरं व्हायच्या आत उत्तर सुरू होतं. तक्रार पुरती तोंडाबाहेर पडायच्या आधीच तिला थोपवायचं होतं, म्हणून वळण ओळभर आधी आलं. आणि उत्तर काय, तर देवाला माणसाच्या कामाची गरजच नाही. प्रश्न ज्या गृहीतावर उभा होता तेच काढून घेतलं.

शेक्सपिअरच्या पद्धतीच्या सुनीतात मात्र कलाटणीला मानाची जागा आहे. तिथे चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळींची जोडी असते. त्याच्या 130 व्या सुनीतात बारा ओळी प्रेयसीला नावं ठेवण्यात जातात: डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत. शेवटच्या जोडीत कळतं की टीका तिच्यावर नव्हती, खोट्या उपमा देणाऱ्या कवींवर होती. दोन ओळींत एवढंच होऊ शकतं, झटका. सावकाश दुसऱ्या जागी जाऊन तिथून बघायला सहा ओळी लागतात. अष्टकाहून दोन ओळी कमी आहेत म्हणून त्या रेंगाळतही नाहीत. मराठीत सुनीत आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या केशवसुतांपासून आपल्याकडे दोन्ही वाटा खुल्या आहेत. त्यामुळे कलाटणी ही चूक आहे असं मी म्हणत नाही. अष्टकात बदलाची तयारी करून ठेवायची आणि षट्कात नुसतं गुपित फोडायचं, हे मला वाया घालवल्यासारखं वाटतं.

त्या मुलीच्या कवितेकडे परत येतो. बैठक संपल्यावर आम्ही दोघं तिच्या वहीवर बसलो. आठवी ओळ सांगत होती की हे दार आहे म्हणून शेत जिवंत आहे. मी विचारलं, आता तिथे काय आहे? ती म्हणाली, ‘काही नाही, सर. शेत पडीक आहे. कुणी पेरत नाही.’ मग मानस? ‘ती चालते की. भरतीला लागते, ओहोटीला उघडते. तिला कोण सांगणार?’

षट्क तिथे होतं. आजोबांचं जाणं लपवायची गरजच उरली नाही, ते पहिल्याच ओळीत सांगता आलं असतं. दार अजूनही दर भरतीला लागतं, खारं पाणी अजूनही बाहेरच थांबतं, आणि आत राखायला काही नाही. म्हणजे शेत दाराने जगवलं नव्हतं. आठव्या ओळीतलं गृहीत तेवढं निसटतं, आणि दार, पाणी, बांध सगळं होतं तिथेच राहतं.

परवा तिने फोनवर नवी नववी ओळ वाचून दाखवली. ‘पण’ गेला होता. ओळ सुरू झाली ती ‘आणि भरतीच्या वेळेला’ अशी. दहावीवर ती अजून अडली आहे.