जुन्या वाड्याची नोटीस आली की पाहणी रिपोर्ट कसा बनवायचा (बडोदा)

पावसाळा आला की बडोद्यात जुन्या शहरातल्या वाड्यांना कॉर्पोरेशनची जर्जर इमारतीची नोटीस येते, जीपीएमसी ॲक्टच्या कलम 264 खाली, आणि मग घरमालक धावत आपल्याकडे येतात की रिपोर्ट द्या. रिपोर्टवर सही चालते ती रजिस्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअरची, ज्युनिअरने पाहणी केली तरी सही करणाऱ्याने जागा स्वतः बघायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. घरमालकाकडून नोटिशीची कॉपी, वेराबिल, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि असेल तर जुना नकाशा घ्या. भाडेकरू असतील तर कोणती खोली कोणाकडे हे पण विचारून ठेवा, कारण खोली रिकामी करायला सांगायची वेळ आली तर ते लागतं. कागदांचं एवढंच, खरी अडचण नोट्समध्ये असते.

वहीत आपण ज्या क्रमाने चालतो त्या क्रमाने लिहितो, रिपोर्ट मात्र ज्या क्रमाने वजन खाली उतरतं त्या क्रमाने हवा, म्हणजे छप्पर, मजल्याचे बीम, भिंती, पाया.

दांडिया बाजाराकडचा एक दुमजली वाडा घ्या, विटांच्या भिंती, सागवानी बीम, मागे नंतर बांधलेलं संडास-बाथरूम. माझ्या वहीत असं होतं: "जिना प्लास्टर बोद. मागची भिंत तडा, पायऱ्यांसारखा, 3 खाली 7 वर. पाइप फुटका. ओळंबा वर 50 खाली 72. काका म्हणतात पुराने खचली. मधली खोली बीम, पेचकस 30 आत." बघा, सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे! ती बीमची भिंतीत गेलेली बाजू होती, ओल लागून लाकूड कुजलेलं, पेचकस 30 मिमी सहज आत गेला, आणि त्याच बीमवर वरची खोली उभी. रिपोर्टमध्ये हे पहिल्या पानावर यायला पाहिजे: मधली खोली आणि तिच्यावरची खोली दोन्ही आजपासून बंद, बीमखाली लगेच टेके. जिन्याचं पोकळ वाजणारं प्लास्टर शेवटी गेलं तरी चालेल.

आता भिंतीचं बघू. वहीतल्या आकड्यांना एकक आणि जागा त्याच संध्याकाळी लिहून टाकायची, तीन दिवसांनी "3 खाली 7 वर" म्हणजे काय ते आठवत नाही, आणि आठवलं असं वाटतं ते तर जास्त वाईट. रिपोर्टमध्ये ते असं झालं: "मागील भिंत, उत्तरेकडचा कोपरा, वीटकामाच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा तडा, जमिनीपासून 1 मीटरवर रुंदी 3 मिमी, छताजवळ 7 मिमी, तडा आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसतो, फोटो 11 आणि 12." हे दोन्हीकडे दिसणं महत्त्वाचं, नुसतं प्लास्टर फुटलं असेल तर दुसऱ्या बाजूला काही दिसत नाही. ओळंबा वरून बाहेरच्या बाजूने सोडला होता, दोरी भिंतीपासून वर 50 आणि खाली 72 मिमी, म्हणजे 3 मीटर उंचीत भिंत 22 मिमी बाहेर झुकली आहे.

इथपर्यंत दिसलं आणि मोजलं ते. यानंतर वेगळ्या मथळ्याखाली अंदाज लिहायचा: तडा वर रुंद आहे, भिंत बाहेर कलली आहे, आणि फुटक्या पाइपचं पाणी बरोबर त्याच कोपऱ्यात मुरतंय, म्हणून कोपऱ्याखालची माती बसली असण्याची शक्यता जास्त, खात्री करायला पायाशी छोटा खड्डा घेऊन बघावं लागेल. काकांचं म्हणणं "घरमालकांच्या सांगण्यानुसार ऑगस्ट 2024 च्या पुरात तळमजल्यात पाणी होतं" असं त्यांच्या नावावर ठेवायचं. "पुराने खचली" असं आपल्या तोंडी गेलं तर सगळे पूर गेला म्हणून गप्प बसतील आणि पाइप तसाच गळत राहील, भिंत झुकतच राहील.

तडा वाढतोय का हे एका भेटीत कळत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका, तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा, ती तडकली की हालचाल चालू आहे. रिपोर्टमध्ये पट्टी कधी लावली आणि परत कधी बघणार ते लिहा.

आणि जे बघता आलं नाही ते पण लिहायचंच. आमच्या केसमध्ये वरची एक खोली कुलूपबंद होती आणि पत्र्याखालचे वासे दिसत नव्हते. हे न लिहिता "बाकी इमारत ठीक" लिहिलं तर त्या न पाहिलेल्या वाशांचीही हमी आपल्या सहीने दिली असं होतं, आणि त्या खोलीखाली कोणीतरी झोपत असतं.