ऊस पांढरा का दिसला? पॅनशार्पनिंगची पार्श्वभूमी

पंचगंगाकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेला २००१ च्या आसपास आपल्या भागात ऊस कुठवर पोचला होता ते दाखवणारा नकाशा हवा होता. त्या काळची लँडसॅट-७ ची प्रतिमा फुकट मिळते, म्हणून मी तीच घेतली. तिचे रंगीत बँड, म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्यातली चित्रं, ३० मीटर पिक्सेलचे आहेत आणि काळा-पांढरा पॅनक्रोमॅटिक बँड १५ मीटरचा. दोन्ही मर्ज केले, म्हणजे रंग एकातून आणि बारकावा दुसऱ्यातून घेऊन एकच प्रतिमा बनवली, प्रिंट काढली आणि संस्थेच्या टेबलावर पसरली. बांध, रस्ते, नदीची वळणं सगळं छान उठून आलं होतं. संस्थेचे सचिव थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, ह्यो ऊस वाळलाय व्हय? पांढराफटक दिसतोय की."

ऊस वाळलेला नव्हता. मूळ ३० मीटरच्या प्रतिमेत तो गर्द हिरवाच होता. रंग मी मर्ज करताना घालवला होता. ही चूक नवी नाही, तिच्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

उपग्रहाच्या कॅमेऱ्यात ही विभागणी मुळात का असते, ते आधी पाहू. बँड जितका अरुंद तितका त्यात कमी प्रकाश येतो, आणि कमी प्रकाशात बारीक पिक्सेल घेतला तर गोंगाट वाढतो. त्यामुळे रंगीत बँडना मोठा पिक्सेल देतात. पॅन बँड रुंद असल्याने त्याला भरपूर प्रकाश मिळतो आणि लहान पिक्सेल परवडतो. खाली पाठवायच्या डेटाचंही ओझं वाचतं. फेब्रुवारी १९८६ मध्ये उडालेल्या फ्रान्सच्या स्पॉट-१ ने हीच जोडी दिली: पॅन १० मीटर, रंगीत २० मीटर. डिसेंबर १९९५ मध्ये आपला आयआरएस-१सी गेला, त्याचा पॅन ५.८ मीटरचा आणि त्यावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचे रंगीत बँड २३.५ मीटरचे. दोन्ही एकत्र करून 'मर्ज' प्रतिमा बनवायची सवय आपल्याकडे इथूनच पसरली. 'पॅनशार्पनिंग' हा शब्द नंतर आला, बोलताना अजूनही मर्जच म्हणतात.

तेव्हाची हुकमी पद्धत आयएचएस होती. लाल, हिरवा, निळा या तीन बँडांचं तेज, रंगछटा आणि रंगाचा शुद्धपणा असं रूपांतर करायचं, तेज काढून त्या जागी पॅन बसवायचा आणि उलट रूपांतर करून परत यायचं. ऐकायला पटतं, कारण तेज म्हणजे काळा-पांढरा फोटोच असं वाटतं. १९८७ च्या सुमारास ब्रोव्ही रूपांतरही छापील साहित्यात आलं. त्यात प्रत्येक बँडाला पॅन भागिले तेज या एकाच संख्येने गुणतात. दोन्ही पद्धतींत एक गृहीतक लपलेलं आहे: पॅन म्हणजे दाखवल्या जाणाऱ्या तीन बँडांची सरासरी.

लँडसॅट-७ चा पॅन बँड ०.५२ ते ०.९० मायक्रोमीटर आहे. म्हणजे निळा त्यात जवळजवळ नाहीच, आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड मात्र भरपूर आहे. हिरवं पान नेमकं याच इन्फ्रारेडमध्ये चमकतं. आकडे घालून बघू. ते माझ्या प्रतिमेतले नाहीत, समजण्यासाठी गोल केलेत, पण पट्टीच्या बाहेरचे नाहीत. हिरव्यागार उसाचं परावर्तन धरा निळ्यात ४ टक्के, हिरव्यात ७, लालमध्ये ४ आणि निअर इन्फ्रारेडमध्ये ४०. दृश्य तीन बँडांचं तेज झालं ५. पॅनमध्ये हिरव्याचा वाटा पाव, लालचा पाव आणि इन्फ्रारेडचा निम्मा धरला तर पॅन येतो जवळपास २३. आयएचएसचा हिशेब शेवटी एवढाच उरतो की, पॅन आणि तेज यांतला फरक तिन्ही बँडांत सारखाच मिळवायचा. फरक १८. म्हणजे ४, ७, ४ चे झाले २२, २५, २२. हा हिरवा नव्हे, हा फिकट राखाडी. सचिवांचा पांढराफटक ऊस तो हाच.

ब्रोव्हीने केलं असतं तर ४.६ ने गुणून १८, ३२, १८ आले असते. छटा हिरवीच, पण पोपटी आणि भगभगीत.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे पॅनचा हिस्टोग्राम, म्हणजे त्याच्या आकड्यांची विभागणी, आधी तेजाशी जुळवून घ्या. मीही तो केला होता, आणि त्यानं पॅनची सरासरी खाली येतेच. पण शेजारचं नांगरलेलं काळं रान बघा: निळा ६, हिरवा ८, लाल १०, इन्फ्रारेड १६. तेज ८, पॅन साधारण १२.५. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ऊस रानापेक्षा गडद आहे, ५ विरुद्ध ८. पॅनमध्ये तोच रानापेक्षा उजळ आहे, २३ विरुद्ध १२.५. हिस्टोग्राम जुळवताना पॅनचे आकडे ताणता किंवा दाबता येतात, पण त्यांचा क्रम उलटवता येत नाही. माझ्या मते या विषयातली खरी गाठ इथेच आहे, आणि ती न कळता नुसते स्लायडर हलवण्यात आमच्यासारख्यांचे दिवस जातात.

आयआरएस-१सी च्या प्रतिमांत हेच दुखणं उलट्या बाजूने यायचं. लिस-३ ला निळा बँडच नव्हता, म्हणून प्रतिमा एफसीसीत, म्हणजे पिकं लाल दाखवून बघायची. तिथे इन्फ्रारेड तेजात असतो, पण ०.५० ते ०.७५ मायक्रोमीटरच्या पॅनमध्ये त्याची जेमतेम कडाच येते. त्यामुळे मर्ज केल्यावर ऊस काळपट लाल व्हायचा. स्पॉटच्या बाबतीत हे १९९० मध्येच लक्षात आलं होतं. कार्पर, लिलेसँड आणि कीफर यांनी पॅन एकटा न बसवता त्यात थोडा इन्फ्रारेड बँड मिसळून बसवावा असं सुचवलं.

पुढचा विचार वेगळ्या दिशेने गेला: तेज बदलायचंच कशाला? पॅनमधला फक्त बारीक तपशील काढून तेवढाच रंगीत बँडांत घालावा. पॅन धूसर करायचा, मूळ पॅनमधून वजा करायचा, आणि उरतात त्या कडा घ्यायच्या. चावेझ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये आयएचएस आणि मुख्य घटक या दुसऱ्या एका मर्ज पद्धतीशी तुलना केली, तेव्हा असा हाय-पास फिल्टर रंगांना सर्वात कमी धक्का लावतो असं दिसलं. मोठ्या शेताच्या मध्यभागी रंग शाबूत राहतो. बांधावर मात्र क्रम उलटा असल्याची शिक्षा मिळतेच, ऊस आणि काळं रान यांच्या सीमेवर खोटी उजळ-गडद किनार उमटते.

एव्हाना पद्धतींचा सुकाळ झाला होता आणि प्रत्येक जण आपलीच प्रतिमा 'छान' म्हणत होता. १९९७ मध्ये वाल्ड, रँशाँ आणि मँगोलिनी यांनी वाद मोजण्यावर आणला. त्यांची पहिली अट साधी आहे: मर्ज केलेली प्रतिमा परत जाड केली, म्हणजे तिचे पिक्सेल पुन्हा मोठे केले, तर मूळ रंगीत प्रतिमा मिळाली पाहिजे. माझा उसाचा नकाशा इथेच नापास झाला असता. पुढची अडचण अशी की १५ मीटरची खरी रंगीत प्रतिमा कुणाकडेच नसते, मग तुलना कशाशी? म्हणून सगळंच एक पायरी जाड करायचं: पॅन १५ चा ३०, रंगीत ३० चे ६०. त्यांना मर्ज करून ३० ची प्रतिमा मिळवायची आणि ती मूळ ३० च्या प्रतिमेशी ताडून बघायची.

ताडून आलेल्या चुकांचा एकच आकडा देण्यासाठी वाल्ड यांनी एर्गास आणला. प्रत्येक बँडातली चूक त्याच बँडाच्या सरासरीने भागायची, वर्ग करून सरासरी काढायची, वर्गमूळ घ्यायचं, मग १०० ने आणि पिक्सेलांच्या गुणोत्तराने गुणायचं. समजा तीन बँडांत चूक ५, ६ आणि ७ टक्के आली. वर्गमूळ येतं ०.०६०५. लँडसॅटचं गुणोत्तर अर्धं, म्हणून एर्गास ३.०३. तीनच्या आत असलं तर ठीक मानतात, म्हणजे हे काठावर नापास. पण १ मीटर पॅन आणि ४ मीटर रंगीत देणाऱ्या आयकोनॉससारख्या उपग्रहावर तेवढीच चूक असेल तर गुणोत्तर पाव होतं आणि आकडा १.५ वर येतो, आरामात पास! दोन उपग्रहांचे एर्गास शेजारी ठेवून निकाल देणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरं माप सॅम, दोन पिक्सेलांच्या रंगांमधला कोन. ब्रोव्ही सगळ्या बँडांना एकाच संख्येने गुणते, त्यामुळे जाड प्रतिमेतला कोन जसाच्या तसा राहतो. म्हणजे उसाचं तेज साडेचार पट झालं तरी सॅमला त्याचा पत्ता नसतो. म्हणून कोन आणि चूक दोन्ही बघायचे. याच कारणाने ब्रोव्हीने मर्ज केलेल्या बँडांवर एनडीव्हीआय हा पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढण्यातही अर्थ नाही, त्याच्या भागाकारात वर-खाली तोच गुणक असल्याने ३० मीटरचाच आकडा परत हाती येतो.

कॅमेरे बनवणाऱ्यांनीही मधल्या काळात धडा घेतला. २०१३ च्या लँडसॅट-८ चा पॅन ०.५० ते ०.६८ मायक्रोमीटरवर थांबतो, इन्फ्रारेड बाहेर. आपल्या उसाचा पॅन आता साधारण ५.५ येतो आणि तेज आहे ५. वादच मिटला, निदान नैसर्गिक रंगांपुरता. इन्फ्रारेड बँड याच पॅनने धारदार करायला गेलात तर आयआरएसचीच गोष्ट पुन्हा.

बँडांना सारखं वजन न देण्याची सुधारणाही आता हाताशी आहे. पॅन ३० मीटरला जाड करायचा आणि रंगीत बँड कोणत्या वजनांनी मिळवले तर तो जास्तीत जास्त जुळतो हे रिग्रेशनने काढायचं. GDAL या सॉफ्टवेअरमध्ये लँडसॅट-८ च्या बँडांसाठी ती वजनं भारित ब्रोव्हीला अशी देता येतात, निळ्याला सर्वात कमी:

```
gdal_pansharpen.py -w 0.1 -w 0.5 -w 0.4 -r cubic \
  B8.TIF B2.TIF B3.TIF B4.TIF merge.tif
```

वजनं नमुन्यादाखल आहेत, आपल्या प्रतिमेवर काढून घ्यावीत. जुन्या लँडसॅट-७ साठी हीच युक्ती चालते, फक्त इन्फ्रारेड बँडही इनपुटमध्ये द्यावा लागतो, मग तो दाखवायचा नसला तरी. माझा नकाशा मी शेवटी तसाच दुरुस्त केला. ऊस हिरवा झाला, बांध थोडे मऊ पडले.

वाल्डच्या चाचणीची एक मर्यादा कोल्हापुरात जरा जास्तच बोचते. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास ९ गुंठे. १५ मीटरचा सव्वादोन गुंठे. चाचणीसाठी जाड केलेला ६० मीटरचा पिक्सेल साडेपस्तीस गुंठ्यांचा, म्हणजे एकराला थोडा कमी. एकरभर ढोबळपणावर जी पद्धत पास झाली, ती वाटण्या होऊन दहा गुंठ्यांवर आलेल्या तुकड्यावरही तशीच वागेल, असं चाचणी धरून चालते. तसं ती सिद्ध करत नाही. संदर्भ प्रतिमेशिवाय मूळ रिझोल्यूशनवरच मोजणारा क्यूएनआर हा निर्देशांक २००८ मध्ये आला तो याच अडचणीतून, पण त्याच्याकडेही ताडून बघायला खरा रंग नसतो.

दुरुस्त नकाशा घेऊन गेलो तेव्हा सचिवांनी आधी स्वतःचं रान शोधलं. आठ गुंठे. मर्ज प्रतिमेत त्याचे जेमतेम साडेतीन पिक्सेल येतात, आणि त्यांतला रंग निम्मा शेजाऱ्याच्या शेताचा असणार, हे त्यांना कागदावर चौकोन काढून दाखवावं लागलं.