पूर ओसरल्यावर कर्जाच्या हप्त्यात सवलत: अर्ज कुठे अडतो

पुरानंतर कर्जदार जे अर्ज घेऊन येतात, त्यातल्या बहुतेकांत एकच वाक्य असतं: "पुरामुळे अतोनात नुकसान झाले आहे, तरी हप्ता माफ करावा." यातला "माफ" हाच शब्द घात करतो. माफी म्हणजे देणं सोडून देणं, आणि तो अधिकार शाखेतल्या अधिकाऱ्याकडे सहसा नसतो. त्याला देता येते ती स्थगिती, म्हणजे काही महिने हप्ता थांबवणं, किंवा पुनर्रचना, म्हणजे मुदत वाढवून हप्ता लहान करणं. जे मिळू शकतं त्याचं नाव घेऊन मागा.

पात्रतेची मुख्य अट साधारण अशी असते: आपत्तीच्या दिवसापर्यंत खातं नियमित हवं आणि उत्पन्न आपत्तीमुळेच घटलेलं हवं. आधीची थकबाकी असेल तर ती लपवू नका, खात्यात ती दिसतेच. कोणता हप्ता पुराच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, हे अर्जात वेगळं लिहा. नाहीतर दोन्ही एकत्र धरून "जुना थकबाकीदार" असा शेरा पडतो.

आता कागदपत्रं. ओळखपत्र, खाते उतारा, कर्ज खाते क्रमांक हे नेहमीचंच. भिजले असतील तर खाते उतारा कर्ज देणाऱ्याकडेच मागा. अडतं ते उत्पन्न बुडाल्याच्या पुराव्यावर. लोक पाण्यात बुडालेल्या घराचे फोटो आणतात, पण समोरच्याचा प्रश्न असतो, "पगार किंवा धंदा चालू आहे का?" घर बुडालं तरी पगार चालू असू शकतो, आणि घर कोरडं राहूनही कमाई बंद पडू शकते.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं असंच झालं. घर वरच्या मजल्यावर, सुरक्षित. शिलाई यंत्रं मात्र तळमजल्यावरच्या गाळ्यात, दोन दिवस पाण्याखाली. पंचनामा घराच्या पत्त्यावर झाला आणि त्यात "नुकसान नाही" अशी नोंद आली. पहिला अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी आम्ही चार गोष्टी जोडल्या: गाळ्याचा भाडेकरार, यंत्रं दुरुस्तीला दिल्याची तारीख असलेली पावती, रद्द झालेल्या ऑर्डरचे संदेश आणि पुराआधीच्या सहा महिन्यांचा खाते उतारा. अर्जात लिहिलं, "यंत्रे दुरुस्त होईपर्यंत उत्पन्न बंद आहे. दुरुस्तीस दोन महिने लागतील. तीन हप्त्यांची स्थगिती मिळावी." अर्ज मंजूर झाला. नुकसान तेच होतं, फक्त ते कमाईशी जोडलेलं दिसलं. पंचनाम्याचा कागद हातात यायला वेळ लागतो, म्हणून त्याची वाट पाहत अर्ज रोखू नका; "पंचनामा मिळताच सादर करते" असं लिहून अर्ज आधी द्या.

मुदतीच्या बाबतीत मोठी चूक होते. अर्ज दिला म्हणजे हप्ता थांबला, असं नाही. मंजुरीचं पत्र येईपर्यंत खात्यातून आपोआप होणारी कपात चालूच राहते. शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो, दंड लागतो आणि पतनोंदीत हप्ता चुकल्याचं दिसतं. म्हणून अर्ज हप्त्याच्या तारखेआधी द्या, कपात थांबवण्याची विनंती वेगळ्या ओळीत करा आणि तारीख-शिक्का असलेली पोच घ्या. "साहेब हो म्हणाले" यावर विसंबून राहिलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. साहेबांची बदली होते आणि कागद कुठेच नसतो. कर्जात सहकर्जदार असेल तर त्याची सही आधीच घ्या. निव्वळ एका सहीसाठी अर्ज परत पाठवणं मला संतापजनक वाटतं, पण ते होतं.

सही करण्याआधी व्याजाचं गणित समजून घ्या. समजा 10 लाख मुद्दल शिल्लक आहे, व्याज 9 टक्के, मुदत 120 महिने. हप्ता सुमारे 12,668. तीन महिने स्थगिती घेतली तर त्या काळाचं व्याज साधारण 22,670 होतं आणि ते मुद्दलात मिळवलं जातं. मग हप्ता तेवढाच ठेवला तर 120 ऐवजी जवळजवळ 125 हप्ते भरावे लागतात, आणि एकूण सुमारे 57 हजार जास्त जातात. म्हणून निदान व्याजापुरती रक्कम भरता येत असेल तर "फक्त व्याज भरण्याची मुभा" मागा. मुद्दल फुगत नाही. तेही जमत नसेल तर स्थगिती जरूर घ्या, फक्त गरजेइतकेच महिने मागा.

मंजुरीच्या पत्रात चार गोष्टी शोधा: स्थगितीचा पहिला आणि शेवटचा महिना, व्याज मुद्दलात मिळणार की वेगळं वसूल होणार, नवा हप्ता व मुदत, आणि पतनोंदीत खातं कसं दाखवलं जाणार. यातली एखादी जरी गोष्ट नसेल तरी लेखी विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा आणि कमी पडलेला कागद जोडून त्याच अर्ज क्रमांकावर पुन्हा द्या. नवा अर्ज केला तर पहिली तारीख हातची जाते.