'हॅज वेंट' आलं कुठून?

'द फाइल हॅज वेंट टू अकाउंट्स.' ऑफिसच्या घाईतल्या मेलमध्ये हे वाक्य सहज निसटतं. स्पेलचेक 'वेंट'खाली लाल रेघ ओढत नाही, कारण तो शब्द एकटा बरोबरच आहे. 'हॅज'च्या जोडीला मात्र तिसरं रूप लागतं, 'हॅज गॉन'.

मुळात 'वेंट' हे 'गो'चं रूपच नव्हतं. 'वेंड' म्हणजे वळणं, वाट धरणं. त्याचा हा भूतकाळ, 'सेंड'चा 'सेंट' होतो तसा. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ वेगळाच होता. तो मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा 'वेंट'ने घेतली. 'गॉन' मात्र 'गो'चंच राहिलं.

आपल्याकडेही असंच आहे. 'जातो' संस्कृत 'या' धातूवरून आलं, 'गेला' हे 'गम्'च्या 'गत'वरून. पण 'फाइल गेली' आणि 'फाइल गेली आहे' यांत आपण 'गेली' हे एकच रूप वापरतो. म्हणून मनातल्या मराठीवरून पटकन टाइप करताना 'वेंट'ला नुसतं 'हॅज' जोडलं जातं. माझ्या मते ही चूक निष्काळजीपणाची कमी आणि या सवयीची जास्त आहे.

'हॅव टुक'ची गोष्ट निराळी. इंग्रजीतल्या बहुतेक क्रियापदांचं दुसरं आणि तिसरं रूप सारखंच असतं, वॉक्ड-वॉक्ड, बॉट-बॉट. त्यामुळे टुक-टेकनसारख्या जोड्याही एक होण्याकडे ओढल्या जातात, आणि हे खुद्द इंग्रजांच्या लेखणीतही झालं आहे. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये कॅशियस ब्रूटसला म्हणतो, 'आय हॅव मच मिस्टुक युवर पॅशन.' आजच्या नियमाने तिथे 'मिस्टेकन' हवं. पुढची दीडशे वर्षं 'हॅव रोट' असं चांगले लेखकही लिहीत. 1762 साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात ही सरमिसळ दोष ठरवली आणि त्यासाठी मिल्टन, ड्रायडन, पोप अशा मोठ्यांच्या ओळी काढून दाखवल्या. शाळेत आपण 'टेक-टुक-टेकन' घोकतो तो नियम अशाच व्याकरणांनी पक्का केला. एकेकाळी दोन्ही रूपं चालत. आज प्रमाण लेखनात 'हॅव टुक' चालत नाही.

'आय सीन'मध्ये गडबड उलटी होते, तिसरं रूप आधाराशिवाय येतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही बोलींत 'सीन' साध्या भूतकाळासाठी सर्रास वापरतात. आपल्याकडे कारण बहुधा कानाचं असतं. 'आय हॅव सीन' बोलताना 'आय्व सीन' होतं, त्यातला 'व' ऐकूच येत नाही, आणि ऐकलं तसं लिहिलं जातं. दुरुस्ती करताना वाक्यात वेळ दिली आहे का ते पाहावं. 'यस्टरडे' असेल तर 'आय सॉ युवर मेल', आणि वेळ नसेल, नुसतं पाहिलं आहे एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव सीन युवर मेल'.